ब्लॉगसाठी मोफत परवान्याचे फोटो आणि त्यांचं श्रेय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी येऊन अडतात: फोटो तर सापडला, आता त्याच्याखाली नेमकं काय लिहायचं? म्हणून उत्तरांचा भर ठरावीक अटींवर फोटो फुकट वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजेच CC परवान्यांवर आणि श्रेयाच्या ओळीवर आहे. घाईत असाल तर थेट सहाव्या प्रश्नाकडे जा. तिथे एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवलं आहे.

१. गुगलवर सापडलेला फोटो घेऊन खाली ‘सौजन्य: गुगल’ किंवा ‘इंटरनेटवरून साभार’ लिहिलं तर चालतं ना?

नाही. गुगल फोटो काढत नाही, तो कुठे आहे एवढंच दाखवतं. फोटो ज्याने काढला त्याचा कॉपीराइट फोटो काढल्या क्षणापासून त्याच्याकडे असतो. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही की फोटोवर © उमटवावं लागत नाही. त्यामुळे ‘फोटोवर काही लिहिलेलं नव्हतं’ या सबबीला अर्थ नाही.

श्रेय दिलं की परवानगी मिळाली, ही समजूतही चुकीची आहे. परवानगी आधी लागते. श्रेय ही त्या परवानगीची अट असते, आणि तीही काही परवान्यांमध्येच. परवानगीच नसेल तर कितीही सुरेख श्रेय लिहिलं तरी वापर बेकायदाच राहतो.

गुगलचा शोध वाया जातो असं मात्र नाही. चित्रांच्या शोधात Tools उघडून Usage Rights मध्ये Creative Commons licenses निवडलं की परवाना जाहीर केलेली चित्रंच पुढे येतात. पण ही माहिती गुगलने त्या त्या संकेतस्थळावरून उचललेली असते. मूळ पानावर जाऊन परवाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय फोटो उतरवू नका.

२. CC BY, BY-SA, BY-NC-ND… या अक्षरांचा अर्थ काय? यातलं ब्लॉगवर काय चालतं?

क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने आहेत आणि ते चार घटकांच्या जुळणीतून तयार होतात. BY म्हणजे निर्मात्याला श्रेय द्या. हा घटक सहाही परवान्यांत आहे. SA म्हणजे चित्रात बदल करून नवीन चित्र तयार केलंत तर तेही त्याच परवान्याखाली द्या. NC म्हणजे व्यापारी वापर नको. ND म्हणजे बदललेलं चित्र इतरांपुढे ठेवू नका.

याशिवाय CC0 आहे. तो निर्मात्याने हक्क सोडून दिल्याचा जाहीरनामा आहे, त्यात श्रेयाचीही अट नाही.

ब्लॉगसाठी सर्वांत बिनघोर म्हणजे CC0, त्यानंतर CC BY. CC BY-SA ला लोक उगाच घाबरतात (प्रश्न १० पाहा). NC चा घोळ प्रश्न ३ मध्ये आहे. ND चं चित्र जसंच्या तसं लावता येतं. आकार लहान करणं किंवा फाइलचा प्रकार बदलणं हा ‘बदल’ धरला जात नाही. मात्र त्यावर लेखाचं शीर्षक छापून मुखचित्र करता येत नाही.

परवान्याच्या नावाच्या शेवटी एक आकडा असतो: 2.0, 3.0, 4.0. तो शोभेचा नाही. श्रेयात काय काय हवं आणि चूक झाली तर पुढे काय, हे त्या आकड्यावर ठरतं (प्रश्न ७ आणि १५).

३. माझ्या ब्लॉगवर जाहिराती आहेत. NC परवान्याचा फोटो वापरू का?

वापरू नका. परवान्याच्या मजकुरात NC ची व्याख्या ‘प्रामुख्याने व्यापारी लाभ किंवा पैशाचा मोबदला मिळवण्यासाठी’ केलेला वापर अशा अर्थाची आहे. यात ‘प्रामुख्याने’ हा शब्द वादाला जागा ठेवतो. जाहिरातींतून कसाबसा होस्टिंगचा खर्च निघत असेल तर तो वापर व्यापारी की नाही, यावर दोन जाणकार दोन उत्तरं देतील. वाद फोटोग्राफरशी झाला तर तुमचा अर्थ त्याला पटेलच असं नाही.

ब्लॉगवर आज जाहिराती नसल्या तरी उद्या लावल्यात तर जुन्या लेखांतला प्रत्येक NC फोटो शोधत बसावं लागतं. तेव्हा शोधतानाच NC वगळणं सोपं.

४. असे फोटो नेमके शोधायचे कुठे?

विकिमीडिया कॉमन्सपासून सुरुवात करा. २००४ पासून चालू असलेल्या या भांडारात NC किंवा ND परवान्याची चित्रं मुळात स्वीकारलीच जात नाहीत, त्यामुळे अर्धी गाळणी तिथेच होते. प्रत्येक फाइलला स्वतःचं वर्णनपान असतं. त्यावर Author, Source आणि Licensing हे तीन भाग ठरलेले असतात. पक्षी, वनस्पती, इमारती, यंत्रांचे भाग अशा नेमक्या विषयांसाठी याच्या तोडीचं दुसरं ठिकाण सापडणं कठीण. शोध मराठीत करून हाती काही लागलं नाही तर इंग्रजी किंवा शास्त्रीय नाव टाका. ‘खंड्या’ लिहून जेवढं मिळेल त्याच्या कितीतरी पट ‘Alcedo atthis’ लिहून मिळतं.

ओपनव्हर्स हे अनेक भांडारांत एकदम शोधणारं साधन आहे. पूर्वीचं सीसी सर्च ते हेच. २०२१ पासून ते वर्डप्रेस प्रकल्पाकडे आहे. गाळणीचे पर्याय वापरून व्यापारी वापर आणि बदल या दोन्हींना परवानगी असलेली चित्रं निवडता येतात. मात्र ते मूळ भांडार नाही, तेव्हा तिथली श्रेयओळ उचलण्याआधी मूळ पान उघडून बघा.

फ्लिकरवर कोट्यवधी फोटो आहेत, पण आपसूक मिळणारा पर्याय ‘सर्व हक्क राखीव’ हाच आहे. शोधाच्या वर License ची यादी असते, तिथे परवाना निवडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुनी चित्रं, शिल्पं, नकाशे हवे असतील तर संग्रहालयं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये कॉपीराइट संपलेल्या संग्रहाची छायाचित्रं CC0 खाली खुली केली. अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन संग्रहालयांनी २०२० मध्ये तेच केलं. या संग्रहालयांच्या शोधात ‘ओपन ॲक्सेस’ची खूण निवडली की तेवढीच चित्रं दिसतात. खूण नसलेलं चित्र त्याच संकेतस्थळावर असलं तरी खुलं समजू नका.

५. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे इथले फोटो CC0 असतात ना?

आता नाहीत. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये CC0 सोडून स्वतःचे परवाने आणले. लेखात फोटो लावण्यापुरता फरक पडत नाही. हे परवाने फुकट आहेत, व्यापारी वापर चालतो आणि श्रेयाची सक्ती नाही. फरक पडतो तो फोटो न बदलता विकायला किंवा अशाच फोटोंचं दुसरं भांडार उभं करायला गेलात तर. ते मना आहे.

त्यामुळे या फोटोखाली ‘CC0’ लिहू नका, ते खोटं ठरतं. द्यायचंच असेल तर ‘छायाचित्र: अमुक, अनस्प्लॅश’ एवढं पुरेसं आहे. सक्ती नसतानाही फोटोग्राफरचं नाव द्यावं असं आमचं मत आहे. दोन वर्षांनी ‘हा फोटो आणला कुठून’ हे तुम्हालाच शोधावं लागतं, तेव्हा ती ओळ कामी येते.

६. एका फोटोचं श्रेय सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं लिहायचं ते दाखवाल का?

समजा, खंड्या पक्ष्यावरच्या लेखासाठी विकिमीडिया कॉमन्सवर एक फोटो आवडला. (फाइलचं आणि फोटोग्राफरचं नाव इथे नमुन्यादाखल आहे.)

आधी फाइलचं वर्णनपान उघडा. पत्त्यात `commons.wikimedia.org/wiki/File:` असं दिसलं पाहिजे. पत्ता `upload.wikimedia.org` ने सुरू होत असेल तर तुम्ही नुसत्या चित्रावर आहात आणि तिथे ना नाव आहे ना परवाना. श्रेयात हाच दुसरा पत्ता चिकटवणं ही आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेली चूक आहे. दुवा दिलेला दिसतो, पण वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

आता पानावरून चार गोष्टी टिपून घ्या. फाइलचं नाव: Kingfisher on branch. Author समोर: AuthorName. Source समोर: Own work, म्हणजे चढवणाराच फोटोग्राफर आहे. Licensing खाली: CC BY-SA 4.0. Licensing च्या चौकटीत श्रेयासाठी वेगळे शब्द सुचवले आहेत का, तेही बघा. असतील तर तेच वापरायचे.

मग फोटो उतरवा. मूळ फाइल हजारो पिक्सेल रुंद असू शकते. वर्णनपानावर लहान आकारांचे पर्याय दिलेले असतात, त्यातून लेखाच्या रुंदीला पुरेल तेवढाच घ्या. तो आपल्या ब्लॉगवर चढवा. कॉमन्सच्या सर्व्हरवरून थेट चित्र ओढून दाखवता येतं खरं, पण तिथे फाइलचं नाव बदललं की तुमच्या लेखात रिकामी चौकट उरते.

समजा, जागेसाठी फोटो कापून चौरस केला. मग ओळ अशी होईल:

“Kingfisher on branch”, छायाचित्र: AuthorName, विकिमीडिया कॉमन्स, परवाना: CC BY-SA 4.0. मूळ फोटो कापून चौरस केला आहे.

यात शीर्षकावर वर्णनपानाचा दुवा, नावावर फोटोग्राफरच्या सदस्यपानाचा दुवा आणि परवान्यावर परवान्याच्या पानाचा दुवा. ब्लॉगच्या कोडमध्ये ते असं बसतं:

```html
<figure>
  <img src="khandya.jpg" alt="फांदीवर बसलेला खंड्या">
  <figcaption>
    “<a href="https://commons.wikimedia.org/wiki/File:Kingfisher_on_branch.jpg">Kingfisher on branch</a>”,
    छायाचित्र: <a href="https://commons.wikimedia.org/wiki/User:AuthorName">AuthorName</a>,
    विकिमीडिया कॉमन्स, परवाना: <a href="https://creativecommons.org/licenses/by-sa/4.0/">CC BY-SA 4.0</a>.
    मूळ फोटो कापून चौरस केला आहे.
  </figcaption>
</figure>
```

शेवटी दुवे दाबून बघा. परवान्याच्या पत्त्यात `by-sa` आणि `4.0` दोन्ही बरोबर आहेत ना, हे विशेष तपासा. जुन्या लेखातून ओळ उचलून नाव तेवढं बदललं की पत्ता आधीच्याच परवान्याचा राहून जातो.

`alt` मध्ये श्रेय लिहू नका. ती जागा चित्रात काय आहे हे सांगण्यासाठी आहे. वाचकाला ती एरवी दिसतही नाही, त्यामुळे तिथलं श्रेय दिल्यासारखं होत नाही.

७. शीर्षक, नाव, दुवा, परवाना, बदल: या सगळ्याची सक्ती आहे का?

आवृत्तीनुसार थोडा फरक आहे. निर्मात्याचं नाव, परवान्याचा उल्लेख आणि त्याचा दुवा हे सर्व आवृत्त्यांत हवं. चित्राचं शीर्षक 3.0 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत, दिलेलं असेल तर लिहावंच लागतं. २०१३ मध्ये आलेल्या 4.0 ने ही सक्ती काढली. उलट बदलांच्या बाबतीत 4.0 जास्त कडक आहे. जुन्या आवृत्त्यांत बदलातून नवी कलाकृती तयार झाली तरच तसं सांगावं लागे, 4.0 मध्ये बदल केला असेल तर तो सांगायचा. मूळ पानावर © ची ओळ दिली असेल तर ती काढून टाकायची नाही.

हे लक्षात ठेवण्यापेक्षा पाचही गोष्टी दर वेळी लिहा. मग कुठल्याही आवृत्तीत काही राहत नाही.

3.0 आणि त्याआधीच्या परवान्यांच्या काही देशांसाठी स्वतंत्र प्रती निघाल्या होत्या. परवान्याच्या नावात ‘3.0 DE’ असं दिसलं तर ती जर्मनीसाठीची प्रत. दुवा त्याच प्रतीचा द्यायचा, साध्या 3.0 चा नाही.

८. श्रेय फोटोच्या खालीच हवं का? लेखाच्या शेवटी एकत्र दिलं तर?

परवान्यात ‘माध्यमाला साजेशा वाजवी पद्धतीने’ एवढीच अपेक्षा आहे. फोटोखाली देणं सर्वांत स्वच्छ. शेवटी एकत्र यादी दिली तरी चालते, पण कुठलं श्रेय कुठल्या फोटोचं हे निःसंशय कळलं पाहिजे: ‘चित्र १’, ‘चित्र २’ असे क्रमांक घाला. ब्लॉगच्या ‘आमच्याविषयी’ पानावर ‘सर्व फोटो विकिमीडियावरून साभार’ असं एक वाक्य टाकणं मात्र वाजवी नाही. त्यात ना नाव आहे ना परवाना.

किती लवचीकता चालते याचं एक उदाहरण आहे. फ्लिकरवरचा CC BY-SA 2.0 चा एक फोटो अमेरिकेत एका नकाशासंग्रहाच्या मुखपृष्ठावर वापरला गेला आणि श्रेय मलपृष्ठावर छापलं गेलं. फोटोग्राफर कोर्टात गेला. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने श्रेयाची ती जागा पुरेशी मानली, आणि दुव्याऐवजी परवान्याचं नाव छापलेलं होतं तेही मान्य केलं. पण तो छापील संग्रह होता. पडद्यावर दुवा द्यायला काहीच कष्ट नसतात, तेव्हा त्या निकालाचा आधार घेऊन दुवे गाळू नका.

मुखचित्राची गोष्ट वेगळी. ते मुख्य पानावर, यादीत, समाजमाध्यमांवरच्या पूर्वदर्शनात, सगळीकडे श्रेयाशिवाय फिरतं, आणि अनेक थीम मुखचित्राखालची टीप दाखवतच नाहीत. उपाय दोन: तोच फोटो लेखाच्या आत पुन्हा श्रेयासह लावा, किंवा लेखाच्या शेवटी ‘मुखचित्र:’ अशी ओळ द्या. आमचा सल्ला याहून सोपा आहे. मुखचित्रासाठी CC0 किंवा स्वतःचा फोटो घ्या आणि श्रेय लागणारे फोटो लेखात ठेवा.

९. फोटो कापला, रंग बदलले, वर अक्षरं टाकली. श्रेयात काय लिहू?

काय केलं ते साध्या शब्दांत: ‘कापला आहे’, ‘कृष्णधवल केला’, ‘वर मजकूर घातला’. ‘संपादित’ एवढा एकच शब्दही चालतो, पण फोटोग्राफरच्या बाजूने विचार करा. त्याने घेतलेले रंग तुम्ही पुसून टाकले असतील तर ते त्याच्या माथी जाऊ नयेत.

फक्त आकार लहान केला किंवा फाइल हलकी केली तर नोंद नको. मूळ पानावर आधीच्या कुणी केलेला बदल लिहिला असेल तर तोही पुढे न्यायचा असतो.

१०. BY-SA फोटो वापरला तर माझा पूर्ण लेख BY-SA खाली द्यावा लागेल का?

नाही. मजकुराशेजारी फोटो ठेवल्याने लेख त्या फोटोची बदललेली आवृत्ती होत नाही. दोन स्वतंत्र गोष्टी एका पानावर आल्या, एवढंच. प्रश्न ८ मधल्या निकालातही न्यायालयाने नकाशासंग्रहाबद्दल असंच म्हटलं.

SA ची अट बदललेल्या चित्राला लागते. दोन फोटो जोडून एक केलंत, फोटोवर बाण आणि नावं टाकून आकृती बनवलीत, तर ते नवं चित्र BY-SA होतं आणि ते इतरांनी उचललं तर तुम्ही अडवू शकत नाही. श्रेयात ‘हे चित्रही CC BY-SA 4.0 खाली’ असं जोडा. नुसतं कापणं हा एवढा मोठा बदल आहे का यावर वाद होऊ शकतो. कापलेला फोटोही त्याच परवान्याखाली ठेवला की वादच उरत नाही, आणि तुमचं त्यात काही जातही नाही.

अडचण येते ती BY-SA आणि BY-NC-SA चे दोन फोटो मिसळून एक चित्र करताना. दोघांच्या अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. तशी जुळणी करू नका. शेजारी शेजारी वेगळे लावायला हरकत नाही.

११. लेखकाचं खरं नाव नाही, नुसतं टोपणनाव आहे. काय लिहायचं?

तेच टोपणनाव, जसंच्या तसं. मागे लागून खरं नाव शोधून छापू नका, त्याने ते मुद्दाम दिलं नसेल. मराठीत लिहिण्याच्या ओघात नावाचं लिप्यंतर करण्याचा मोह होतो. टोपणनावाच्या बाबतीत तो टाळा, कारण त्यावरून पुन्हा शोध घेता येत नाही.

१२. कॉमन्सवर एकाच फोटोला GFDL आणि CC असे दोन परवाने दिसतात. दोन्ही पाळायचे?

एक निवडा. GFDL हा मुळात पुस्तिकांसाठीचा परवाना आहे आणि त्याचा संपूर्ण मजकूर सोबत द्यावा लागतो. एका फोटोसाठी ते कोण करणार? CC निवडा आणि श्रेयात फक्त त्याचंच नाव लिहा.

१३. पानावर परवाना लिहिला आहे म्हणजे तो खरा, असं धरायचं का?

नाही. दुसऱ्याचा फोटो स्वतःचा म्हणून चढवून त्याला मोफत परवाना लावणारे लोक सगळ्याच भांडारांवर असतात. ज्याच्याकडे हक्कच नाही त्याने दिलेल्या परवान्याला किंमत नाही, आणि ‘मी प्रामाणिकपणे विश्वास ठेवला’ हे खऱ्या मालकासमोर बहुतेक वेळा पुरत नाही.

संशय यावा अशा खुणा ओळखता येतात. फाइल लहान आहे, कडेला कापलेल्या जलचिन्हाचा तुकडा दिसतो, चढवणाऱ्याचे बाकीचे फोटो वेगवेगळ्या शैलीतले आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे आहेत, खातं कालपरवा उघडलेलं आहे, किंवा फोटो एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचा अगदी सफाईदार स्टुडिओतला आहे आणि समोर Own work लिहिलं आहे. वर्णनपानाच्या तळाशी Metadata मध्ये कॅमेरा आणि तारीख असते. ती असणं ही चांगली खूण आहे, पण नसली म्हणजे चोरीच असं नव्हे.

मग उलटा शोध घ्या. टिनआय किंवा गुगल लेन्सला फोटो द्या. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्या क्रमाने लावता येतात. कॉमन्सवर चढवल्याच्या तारखेआधीच तो फोटो एखाद्या वृत्तसंस्थेच्या किंवा छायाचित्रकाराच्या पानावर मोठ्या आकारात सापडला तर तो सोडून द्या.

फ्लिकरवरून कॉमन्सवर आलेल्या फोटोंना एक संरक्षण असतं. चढवताना फ्लिकरवर कोणता परवाना होता हे तपासल्याची तारखेसह नोंद पानावर असते. आज फ्लिकरवर ‘सर्व हक्क राखीव’ दिसत असलं तरी ही नोंद पुरावा म्हणून उभी राहते.

१४. परवाना खरा असला तरी आणखी कशाने अडचण येऊ शकते?

CC परवाना फक्त कॉपीराइटबद्दल बोलतो. फोटोतल्या माणसाची संमती, बोधचिन्हं, खासगीपणा यांची हमी त्यात नाही. ओळखू येणाऱ्या अनोळखी माणसाचा फोटो एखाद्या आजारावरच्या किंवा गुन्ह्यावरच्या लेखाला लावलात तर परवाना निर्दोष असूनही तक्रार येऊ शकते. फोटोग्राफरचा तुमच्या मताला पाठिंबा आहे असं सुचवण्यालाही परवान्यात मनाई आहे.

फोटोच्या आत दुसऱ्याची कलाकृती असेल तर हक्क दोघांचे असतात: फोटोग्राफरचा आणि शिल्पकाराचा किंवा चित्रकाराचा. सार्वजनिक जागेतल्या शिल्पांबाबत देशागणिक नियम वेगळे आहेत. कॉमन्सच्या वर्णनपानावर याबद्दल इशारा असेल तर तो ओलांडू नका.

नासाचे फोटो साधारणपणे कॉपीराइटमुक्त असतात, पण त्यांचं बोधचिन्ह तसं वापरता येत नाही. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी टिपलेला चंद्रक्षितिजावरच्या पृथ्वीचा फोटो लावला तर ‘छायाचित्र: नासा / बिल अँडर्स’ लिहा. कायदा ते मागत नाही, वाचकाला मात्र उपयोग होतो.

१५. फोटोग्राफरने नंतर परवाना काढून घेतला, किंवा माझ्या श्रेयात चूक असल्याची नोटीस आली, तर?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: CC परवाना एकदा दिला की ज्याने तो पाळून वापर केला त्याच्याकडून परत घेता येत नाही. पण ‘तेव्हा परवाना होता’ हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. म्हणून फोटो उतरवताना `web.archive.org/save` वर वर्णनपानाचा पत्ता टाकून त्या दिवशीची प्रत जतन करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एक गोष्ट मात्र तो मागू शकतो, आणि ती म्हणजे श्रेयातून आपलं नाव काढणं. शक्य असेल तितकं ते मान्य करावं लागतं.

नोटिशीच्या बाबतीत आवृत्तीचा आकडा पुन्हा महत्त्वाचा ठरतो. अट मोडली की परवाना आपोआप संपतो, हे सगळ्या आवृत्त्यांत आहे. 4.0 मध्ये चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो, मात्र त्याआधीच्या काळातल्या वापराबद्दल मागणी करण्याचा हक्क फोटोग्राफरकडे राहतो. 3.0 आणि त्याआधी ही सवलत नाही. जुन्या आवृत्तीचे फोटो मोफत ठेवून, श्रेयातल्या बारीकशा चुकीवर पैशांची मागणी पाठवणारे लोक याच फटीवर जगतात.

नोटीस आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका आणि लगेच पैसेही पाठवू नका. आधी जसा होता तसा लेख आणि वर्णनपान, दोन्हींची प्रत जतन करा. मग श्रेय दुरुस्त करा. मग पाठवणारा खरोखर त्या फोटोचा हक्कदार आहे का, हे मागा: मूळ फाइल किंवा फोटोग्राफरने दिलेलं अधिकारपत्र. रक्कम मोठी असेल तर उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा. उत्तरात लिहिलेलं प्रत्येक वाक्य नंतर तुमच्यावर उलटू शकतं.

१६. फोटोवर परवाना नाहीच, पण मला तोच हवा आहे. विचारलं तर देतात का?

पुष्कळदा देतात. संदेशात कुठला फोटो (दुव्यासह), कुठल्या लेखात, ब्लॉगवर जाहिराती आहेत का, आणि श्रेयाची ओळ कशी असेल, एवढं लिहा. ‘हो, वापरा’ हे उत्तर त्या एका लेखापुरतं असतं. पुढच्या लेखात किंवा ई-पुस्तकात तोच फोटो घ्यायचा तर पुन्हा विचारावं लागतं. मिळालेला होकार जपून ठेवा, आणि त्या फोटोखाली CC लिहू नका. ‘छायाचित्र: अमुक, परवानगीने’ असं लिहा.